नाव एकाचं, खुर्च्या दुसऱ्याच्या

११ नोव्हेंबर २०२४च्या रात्री दोहाहून मुंबईला निघालेल्या एका विमानाचा क्रमांक होता AI 2286. एअर इंडिया आणि विस्तारा या दोन कंपन्यांची एक कंपनी झाल्यावर निघालेलं हे पहिलं विमान. विमान विस्ताराचं होतं, रंग विस्ताराचा होता, तिकिटावर मात्र एअर इंडिया लिहिलेलं होतं. त्या रात्रीपासून विस्ताराच्या प्रत्येक उड्डाणाच्या क्रमांकातलं UK जाऊन AI आलं, आणि मूळ आकड्यांच्या आधी एक 2 लागला. म्हणजे कालपर्यंत जे UK 955 होतं ते आजपासून AI 2955.

हा 2 कशासाठी? एअर इंडियाला आपले क्रमांक नव्या क्रमांकांशी गोंधळू द्यायचे नव्हते हे एक कारण झालंच. पण दुसरं कारण कंपनीने लपवलं नाही. ज्या प्रवाशाला विस्ताराचीच खुर्ची, विस्ताराचंच जेवण आणि विस्ताराचाच कर्मचारीवर्ग हवा आहे, त्याला तिकीट काढतानाच ते विमान ओळखता यावं. जो ब्रँड तुम्ही बंद करताय त्याची खूण तुम्ही स्वतःच्या तिकिटावर छापताय, आणि तीही त्याच्या चाहत्यांना सापडावी म्हणून. एका कंपनीने दुसरी घेतली की दोन नावांचं काय करायचं, हा प्रश्न किती अडचणीचा असतो ते या एका आकड्यात दिसतं.

बाहेरून पाहणाऱ्याला हा निर्णय उलटाच वाटला होता. त्या वेळी प्रवाशांना विचारलं असतं तर बहुतेकांनी विस्ताराच्या बाजूने हात वर केला असता. स्वच्छ विमानं, वेळेवर उड्डाण, गरम जेवण अशी तिची ख्याती. एअर इंडियाच्या नावाला मात्र तुटलेल्या खुर्च्या, बंद पडलेले पडदे आणि उशिराच्या तक्रारी वर्षानुवर्षं चिकटलेल्या. मग लोकांना आवडणारं नाव पुसून न आवडणारं का ठेवलं?

आधी हे लग्न कसं जुळलं ते थोडक्यात. २७ जानेवारी २०२२ला टाटा समूहाने सरकारकडून एअर इंडिया ताब्यात घेतली. बोली १८,००० कोटी रुपयांची होती, त्यातले २,७०० कोटी रोख आणि उरलेलं कर्ज अंगावर घेऊन. त्याआधीपासून टाटांकडे आणखी दोन विमान कंपन्या होत्या. सिंगापूर एअरलाइन्सबरोबर ५१-४९ भागीदारीत काढलेली विस्तारा, जिचं पहिलं उड्डाण ९ जानेवारी २०१५चं, आणि स्वस्त तिकिटांची एअरएशिया इंडिया. एअर इंडियाबरोबर एअर इंडिया एक्स्प्रेसही आली. एकाच घरात चार विमान कंपन्या झाल्या, आणि त्यातल्या काही एकाच मार्गावर एकमेकींचे प्रवासी पळवत होत्या. स्वस्त तिकिटांच्या जोडीचा प्रश्न सोपा होता. एअरएशिया हे नाव मलेशियातल्या कंपनीकडून वापरायला घेतलेलं, त्यामुळे ते जाणारच होतं. ती कंपनी १ ऑक्टोबर २०२४ला एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये विलीन झाली. कठीण प्रश्न उरला तो मोठ्या दोघींचा.

नोव्हेंबर २०२२मध्ये विलीनीकरण जाहीर झालं आणि पुढे काही महिन्यांत एअर इंडियाचे प्रमुख कॅम्पबेल विल्सन यांनी नाव एअर इंडियाचंच राहील असं सांगून टाकलं. त्यांचा मुद्दा साधा होता: विस्ताराला भारतात मान आहे, पण परदेशात एअर इंडियाचं नाव कितीतरी जास्त लोकांना माहीत आहे. इथे ब्रँडच्या धंद्यातली एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. नाव माहीत असणं आणि नाव आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या मिळवायला लागणारा वेळ आणि पैसा वेगळा असतो. नावडतं नाव सुधारायचं तर माल सुधारावा लागतो. ते काम खर्चाचं आहे पण तुमच्या हातातलं आहे. अनोळखी नाव न्यूयॉर्कमधल्या आणि लंडनमधल्या माणसाच्या तोंडी बसवायला मात्र दशकं जातात. एअर इंडियाचं नाव १९४६पासूनचं, आणि त्यामागची कंपनी थेट १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईत जुहूला आणलेल्या टपालाच्या विमानापर्यंत जाते. टाटांना कंपनी परत मिळवायची होती त्यात या नावाचा वाटा होताच. आपलंच १९५३मध्ये सरकारकडे गेलेलं नाव इतक्या वर्षांनी परत घ्यायचं आणि मग ते पुसायचं, हे कोणत्याही टाटाला जमलं नसतं.

दुसरा हिशेब आणखी कोरडा आहे. टाटांना मोठी झेप परदेशी मार्गांवर घ्यायची होती. उत्तर अमेरिकेला थेट जाणारी उड्डाणं, तिथल्या विमानतळांवरच्या उतरायच्या वेळा, इतर कंपन्यांबरोबरचे करार, हे सगळं एअर इंडियाच्या पदरात आधीच होतं. विस्ताराकडे लांब पल्ल्याची मोजकीच विमानं होती. जिथे वाढायचं आहे तिथे जे नाव चालतं तेच ठेवायचं, हा इथला नियम होता, आणि मला तो पटतो. देशातल्या प्रवाशाच्या पसंतीवर निर्णय घेतला असता तर उलटा लागला असता.

पण नाव ठरलं म्हणजे अर्धंही काम झालं नाही. ब्रँड म्हणजे बोधचिन्ह अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात दोन ब्रँड एकत्र करताना प्रत्येक वस्तू सुटी करून टेबलावर मांडावी लागते: नाव, रंग, खुर्ची, जेवणाचं ताट, गणवेश, गुणांची योजना, कर्मचाऱ्यांची ज्येष्ठता. आणि प्रत्येकीला वेगळं विचारावं लागतं की ही कुणाची ठेवायची. सगळ्या उत्तरांचा मालक एकच निघाला तर समजावं की कुणी नीट विचारलंच नाही.

खुर्चीचं उत्तर पाहू, कारण तिथे विस्तारा सरळ जिंकली आहे. देशात सर्वांत जास्त फिरणारं विमान म्हणजे एअरबस ए३२०निओ. एअर इंडियाकडच्या या विमानात जुन्या मांडणीत पुढे बिझनेस वर्गाच्या १२ आणि मागे इकॉनॉमीच्या १५० अशा १६२ खुर्च्या होत्या. विस्ताराच्या त्याच विमानात तीन वर्ग होते: बिझनेसच्या ८, प्रीमियम इकॉनॉमीच्या २४ आणि इकॉनॉमीच्या १३२, म्हणजे १६४. हा मधला वर्ग देशात विस्तारानेच आणला. खुर्ची तेवढ्याच रुंदीची, पण गुडघ्यांना जागा जास्त, जेवण बरं, आणि तिकीट बिझनेसपेक्षा पुष्कळ कमी.

आता रांगा मोजा. बिझनेसमध्ये एका रांगेत ४ खुर्च्या, बाकी ठिकाणी ६. एअर इंडियाच्या जुन्या विमानात बिझनेसच्या ३ आणि इकॉनॉमीच्या २५, मिळून २८ रांगा. विस्ताराच्या विमानात २, ४ आणि २२, पुन्हा २८च. म्हणजे बिझनेसची एक आणि इकॉनॉमीच्या तीन रांगा काढून तिथे मधल्या वर्गाच्या चार रांगा बसतात, आणि वर दोन खुर्च्या जास्तच होतात. बिझनेसची तिसरी रांग देशांतर्गत मार्गांवर पूर्ण पैसे देणाऱ्यांनी भरणं कठीणच असतं. तिच्या जागी ज्यांना कंपनी बिझनेसचं तिकीट देत नाही पण खिशातून थोडे जास्त द्यायची तयारी आहे, असे प्रवासी बसवायचे. हा विस्ताराचा शोध होता, आणि तिच्या लौकिकाचा मोठा भाग जाहिरातीत नव्हता, या चार रांगांत होता.

सप्टेंबर २०२४मध्ये, म्हणजे विलीनीकरणाच्या दोन महिने आधी, एअर इंडियाने आपल्या २७ जुन्या ए३२०निओ विमानांचा आतला भाग बदलायला घेतला. नवी मांडणी होती ८, २४ आणि १३२. आकडा न् आकडा विस्ताराचा. नाव एअर इंडियाचं राहिलं, पण विमानाचा आतला नकाशा विस्ताराचा झाला. आणि हे बोधचिन्हासारखं एका रात्रीत होत नाही. प्रत्येक विमान उड्डाणातून बाहेर काढायचं, हँगरमध्ये उभं करायचं, गालिचे, पडदे, खुर्च्या उपटून नव्या बसवायच्या, सुरक्षा तपासणी करायची आणि मग परत आकाशात. तेवढे दिवस त्या विमानाची कमाई बंद. खुर्च्या वेळेवर मिळाल्या नाहीत तर पुढचा सगळा कार्यक्रम सरकतो. एअर इंडियाच्या लांब पल्ल्याच्या जुन्या बोइंग विमानांच्या बाबतीत नेमकं तेच झालं. जगभरात खुर्च्यांचा तुटवडा असल्याने ते काम मागे मागे पडत गेलं.

रंगाची गोष्ट याहून गमतीची आहे. एअर इंडियाचं नवं रूप १० ऑगस्ट २०२३ला जाहीर झालं. तेव्हा विलीनीकरणाला सरकारी मंजुऱ्याही मिळाल्या नव्हत्या. स्पर्धा आयोगाची परवानगी त्यानंतर सप्टेंबरात आली, राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची २०२४च्या जूनमध्ये. तोवर दोन्ही कंपन्या कायद्याने एकमेकींच्या स्पर्धकच होत्या, आणि स्पर्धकांनी एकत्र बसून दर किंवा मार्ग ठरवणं हा गुन्हा ठरला असता. पण रंगाला कोण अडवणार? नव्या एअर इंडियाच्या रंगांत गडद लाल आणि सोनेरी यांच्या जोडीला वांगी रंगही आला. हा वांगी रंग विस्ताराचा. तिच्या विमानाच्या शेपटीवर, कर्मचाऱ्यांच्या गणवेशावर, सगळीकडे तोच. म्हणजे ज्या दिवशी लाल शेपटीवर वांगी छटा चढली, त्या दिवशी विस्ताराच्या प्रवाशासाठी नव्या घरात एक ओळखीचा कोपरा करून ठेवलेला होता, अक्षता पडायच्या सव्वा वर्ष आधी.

त्याच वेळी महाराजाचं काय करायचं हाही प्रश्न होता. हा मिशाळ, कमरेत वाकलेला महाराजा १९४६मध्ये मुंबईतच जन्मला. एअर इंडियाचे बॉबी कूका यांची कल्पना आणि जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात संस्थेतले चित्रकार उमेश राव यांचा हात. जुन्या पिढीचं त्याच्यावर प्रेम आहे. पण जगातल्या उत्तम विमान कंपन्यांच्या रांगेत बसायचं आणि तोंडावर वाकून सलाम करणारा राजा ठेवायचा, हे जुळत नव्हतं. मग त्याला काढलं नाही, मागे नेलं. विमानाच्या अंगावर त्याला जागा मिळाली नाही. विश्रामकक्ष आणि वरच्या वर्गांपुरता तो उरला. आणि विलीनीकरणाच्या दिवशी दोन्ही कंपन्यांच्या गुणांच्या योजना एक करून तिला महाराजा क्लब नाव दिलं.

गुणांच्या योजनेला कमी लेखू नये. सतत फिरणाऱ्या माणसाचं कंपनीशी असलेलं नातं रंगावर नसतं, त्याच्या खात्यावर जमलेल्या गुणांवर असतं. क्लब विस्ताराचे ४५ लाखांहून जास्त सदस्य होते. त्यांचे गुण एकास एक दराने नव्या खात्यात आले. इथे हात आखडता घेतला असता तर सगळ्यात जास्त पैसे देणारा प्रवासी पहिल्याच महिन्यात गेला असता. शिवाय २.७ लाखांहून जास्त लोकांनी विस्ताराची तिकिटं आधीच काढून ठेवली होती. ती सगळी एअर इंडियाच्या यंत्रणेत हलवावी लागली.

हे सगळं ठीक झालं. पण दोन ब्रँड एकत्र करताना खरी ठिणगी पडते ती माणसांमध्ये. याचा धडा एअर इंडियाने स्वतःच एकदा गिरवला आहे.

२००७मध्ये सरकारने एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांची एक कंपनी केली. त्या वेळी बोधचिन्ह ठरवताना कुणालाच दुखवायचं नाही असं धोरण दिसतं. नाव एअर इंडियाचं घेतलं, चिन्ह म्हणून उडता लाल हंस काढला आणि त्याच्या पोटात इंडियनचं कोणार्क चक्र बसवलं. कागदावर दोघांचा मान राहिला. पण आत काहीच एक झालं नाही. एअर इंडियाकडे बोइंग, इंडियनकडे एअरबस. वैमानिकांचे पगार वेगळे, बढतीच्या यादी वेगळ्या, संघटना वेगळ्या. उड्डाणांचा संकेत एक व्हायलाच २०११ उजाडलं. पगार आणि ज्येष्ठता कशी जुळवायची यासाठी नेमलेल्या न्या. धर्माधिकारी समितीचा अहवाल २०१२मध्ये आला. त्याच वर्षी नवी ड्रीमलायनर विमानं कुणी चालवायची यावरून ठिणगी पडली. पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही त्यांचं प्रशिक्षण देणार म्हणताच पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी ५८ दिवस काम बंद ठेवलं. विलीनीकरणाला पाच वर्षं होऊनही वैमानिक स्वतःला 'आम्ही' आणि 'ते' म्हणत होते. त्या काळात हंसाच्या पोटातलं चक्र कुणाच्या डोळ्यांत भरलं असेल असं वाटत नाही.

सतरा वर्षांनी तीच शिंक पुन्हा आली, फक्त थोडक्यात आटोपली. २०२४च्या मार्च-एप्रिलमध्ये विस्ताराच्या वैमानिकांना नवी वेतनरचना दिली गेली, एअर इंडियाच्या धर्तीवर. आधी महिन्याला ७० तासांचा पगार ठरलेला असे. आता ४० तासांचाच, वरचा प्रत्यक्ष उडाल्यावर. शिवाय एकत्र यादीत आपण कितव्या क्रमांकावर जाणार ही धास्ती होतीच. वैमानिक आजारपणाची रजा घेऊ लागले आणि विस्ताराची उड्डाणं धडाधड रद्द झाली. शेवटी कंपनीने रोजची २५ ते ३० उड्डाणं, म्हणजे साधारण दहा टक्के, कमी करून वेळापत्रक सावरलं. वेळेवर उडणं हीच जिची ओळख, ती विस्तारा तिच्या अखेरच्या वर्षात उशिरासाठी बातम्यांत आली. ज्या गोष्टीसाठी ही कंपनी आपल्याकडे ठेवायची होती, तीच गोष्ट पगाराच्या एका तक्त्याने काही आठवड्यांत खिळखिळी केली. माझ्या मते या सगळ्या व्यवहारातली ही सर्वांत महाग चूक. सेवा उत्तम हवी म्हणून कंपनी घ्यायची आणि ती सेवा देणाऱ्याला आधी पगार कापल्याचं पत्र द्यायचं, यात हिशेब कुठेच बसत नाही.

आता पुन्हा त्या 2 कडे. युक्ती म्हणून ती हुशार होती, पण तिला दुसरी बाजू आहे. AI 2 पासून सुरू होणारं उड्डाण चांगलं असं एकदा प्रवाशांत पसरलं, की 2 नसलेलं उड्डाण कमी प्रतीचं असं कंपनीनेच कबूल केल्यासारखं होतं. विल्सन यांच्या घराला एकच दार, पण आत दोन माजघरं. अशी खूण थोड्या काळापुरती चालते. बाकीची विमानं लवकर सुधारली तर ती आपोआप निरर्थक होते; सुधारायला वेळ लागला तर प्रवासी क्रमांक बघूनच तिकीट काढू लागतो आणि कंपनी स्वतःशीच स्पर्धा करत बसते. म्हणून विलीनीकरण जमलं की नाही हे पाहायला नफ्याचे आकडे उघडायची गरज नाही. त्याच मार्गावर, त्याच वेळेच्या आसपास, 2 असलेलं आणि नसलेलं अशी दोन उड्डाणं शोधायची, दोन्हींत प्रीमियम इकॉनॉमीच्या चार रांगा आहेत का बघायचं, आणि तिकिटाचे दर जुळवायचे. फरक उरला असेल तर दोन ब्रँड अजून दोनच आहेत.

एकच नाव ठेवण्याची जोखीमही तिथेच आहे. १२ जून २०२५ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं AI 171 कोसळलं आणि २६० माणसं गेली. ते विमान विस्ताराकडून आलेलं नव्हतं. पण त्या दिवशी शंका, भीती आणि रद्द केलेली तिकिटं सगळ्याच ताफ्याच्या वाट्याला आली, कारण आता नाव एकच होतं. दोन नावं असती तर दुसरं थोडं बाजूला राहिलं असतं. कंपनीने तो उड्डाण क्रमांक वापरातून काढून टाकला, त्या मार्गाला AI 159 दिला. क्रमांक बदलता येतो, नाव बदलता येत नाही.

विस्तारा हे नाव मात्र कायद्याच्या कागदावर अजून पूर्ण मेलेलं नाही. २०१९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते 'सुप्रसिद्ध' व्यापारचिन्ह ठरवलं होतं. म्हणजे इतर धंद्यातल्या माणसालाही ते सहज उचलता येत नाही. आपला व्यापारचिन्ह कायदा मात्र वापराकडे बघतो. चिन्ह पाच वर्षं आणि वर तीन महिने वापरलंच नाही, तर कुणीही अर्ज करून त्याची नोंद काढून टाकायची मागणी करू शकतो. त्यामुळे टाटांना ते नाव हातात ठेवायचं असेल तर एखाद्या विश्रामकक्षावर, एखाद्या तिकीटवर्गावर, कुठेतरी ते खरोखर वापरावं लागेल. बारा नोव्हेंबर २०२४पासून मोजलं तर ती मुदत २०३०च्या फेब्रुवारीत भरते.